तोंडाचे कोपरे सारखे फाटताहेत, बी-कॉम्प्लेक्सने फरक नाही

कवडसा

सासूबाईंसाठी विचारते आहे. वय ७१. वरची-खालची पूर्ण कवळी आहे, दहा-अकरा वर्षांपूर्वी बसवलेली. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. पावसाळा संपता संपता ओठांचे दोन्ही कोपरे फाटायला लागले. आधी नुसती लाल रेघ दिसायची, आता चीर पडते, त्यावर पांढरट ओलसर साय धरल्यासारखं दिसतं आणि सकाळी पिवळी खपली असते. जांभई दिली की खपली तडकते, रक्त येतं. आमटीला तिखट कमी केलं, लिंबू-लोणचं बंद झालं, तरी घास घ्यायला तोंड मोठं उघडवत नाही म्हणून पोळीसुद्धा दुधात कुस्करून खातात.

फॅमिली डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल दिल्या. महिना झाला, दुसरा लागला. मध्ये चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. रात्री साजूक तूप लावतात. व्हिटॅमिन कमी असेल तर एवढ्यात भरून यायला हवं होतं ना? की डोस कमी पडतोय? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

लोणकढी

ताई, सरळ बी-टूची कमतरता आहे. आमच्या शाळेच्या पुस्तकातच होतं, तोंडाचे कोपरे फाटणे म्हणजे रायबोफ्लेविन. कॅप्सूल बदलून बघा, काही कंपन्यांच्या फुसक्या असतात. लघवी पिवळीधमक झाली की समजायचं गोळी अंगी लागतेय. सोबत दूध, दही, अंडी, पालेभाजी वाढवा. मला स्वतःला कॉलेजात असताना झालं होतं, मेसचं जेवण होतं तेव्हा. आठवड्यात साफ.

जाईजुई

माझ्या आईला पण दर उन्हाळ्यात तोंड येतं. जाईची कोवळी पानं चावून चोथा थुंकायचा, दिवसातून दोनदा. ज्येष्ठमधाची कांडी चघळायची. जागरण आणि बद्धकोष्ठ सांभाळलं की तोंड येत नाही.

कवडसा

@जाईजुई, धन्यवाद, पण यांना आतून तोंड आलेलं नाही. गालाच्या आत, जिभेवर फोड नाहीत. बाहेर ओठ जुळतात त्या कोपऱ्यात चीर आहे.

@लोणकढी, लघवी अगदी हळदीसारखी होते. दूध दोन वेळा, दही रोज. अंडं खात नाहीत.

दंतकथा

मी दाताचा डॉक्टर, आता दवाखाना मुलीकडे सोपवून सांगलीत निवांत आहे. कवळी हा शब्द वाचला म्हणून लिहितो.

लघवी पिवळी होते ती शरीराला नको असलेलं बी-टू मूत्रपिंड बाहेर टाकतं म्हणून. त्यावरून गोळी लागू पडली असं काही म्हणता येत नाही. उलट त्यांच्या पोटात बी-टू पुरेसं जातंय असंच दिसतं. दिवसातून दोनदा दूध, वर दही आणि त्यावर दीड महिना कॅप्सूल, एवढं होऊनही कोपरे फाटत असतील तर डोस वाढवून काय साधणार? दुसरीकडे बघायला हवं.

मला चार गोष्टी सांगा. कवळी रात्री काढून ठेवतात का? कवळी काढून टॉर्चच्या उजेडात टाळूकडे बघा, लाली आहे का, आणि असली तर ती कवळीच्या आकारातच आहे का? कवळी लावून तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाच्या जवळ आल्यासारखी, ओठ आत गेल्यासारखे दिसतात का? आणि मशेरी, तंबाखू, तपकीर यांतलं काही आहे का?

घाटावरचा

ताई, उगाच लांबण नको. मला हेच झालं होतं. मेडिकलवाल्याने एक मलम दिलं, बुरशीचं, जंतूचं आणि खाजेचं तिन्ही औषध एकातच. दोन दिवसांत गायब. पन्नास-साठ रुपयांची ट्यूब. परत झालं की परत लावायचं. आता घरात एक ट्यूब असतेच.

दंतकथा

@घाटावरचा, "परत झालं की परत" यातच सगळं आलं. त्या तीन-इन-वन मलमांत बहुतेक वेळा दणकट स्टेरॉइड असतं. लाली आणि आग स्टेरॉइडने दोन दिवसांत बसते, म्हणून जादू वाटते. बुरशी मात्र पूर्ण गेलेली नसते. मलम थांबवलं की ती पुन्हा वर येते, आपण पुन्हा लावतो, आणि ओठाच्या कडेची कातडी पातळ होत जाते. पातळ कातडी आणखी लवकर चिरते. शिवाय ओठाभोवती बारीक लाल पुरळ उठतं, ते मलम लावलं की दबतं आणि सोडलं की भडकतं. एकदा आरशात नीट बघा, कोपऱ्याजवळ बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात का.

डॉक्टर कधीकधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन घातलेलं मलम थोड्या दिवसांसाठी देतात, ते वेगळं. स्वतःच्या मनाने दणकट स्टेरॉइड तोंडाजवळ नको.

घाटावरचा

शिरा आहेत की ओ. मला वाटलं वयाने आल्या. आता ही ट्यूब एकदम सोडू की हळूहळू?

दंतकथा

किती दिवस, किती वेळा लावलीत त्यावर आहे. मधूनमधून चार दिवस लावत असाल तर सोडून द्या. महिनोन्‌महिने रोज लावत असाल तर सोडल्यावर आठ-पंधरा दिवस जास्त भडकू शकतं, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच सोडा. इथून सांगण्यातलं नाही ते.

फांदीवरचा

मी २३ वर्षांचा आहे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे. माझेही दोन्ही कोपरे फाटलेत. मला पण बुरशी असेल का? की मधुमेह?? भीती वाटायला लागली वाचून.

दंतकथा

@फांदीवरचा, त्या गोळीने ओठ कोरडे पडणारच. ती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे पडतात. आधी तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांना सांगा, ते डोस बघतील. तोवर साधं पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा, आणि ओठ चाटायचे नाहीत. वासाचे, पुदिन्याचे लिप बाम टाळा. मधुमेहाचं मनातून काढा, पण कोपरा ओला, पांढरट दिसायला लागला तर दाखवा.

शेवंती_मिशिगन

इथे थंडी सुरू झाली की माझ्या सहा वर्षांच्या मुलाला होतं हे. घरात हीटर, बाहेर बर्फ, आणि हा दिवसभर जिभेने ओठ चाटतो. तोंडाभोवती गोल लाल कडं पडतं. डॉक्टरांनी काहीच औषध दिलं नाही, जेवणानंतर आणि झोपताना जाड थर जेलीचा, बस. लाळ सुकताना कातडीचा ओलावाही घेऊन जाते म्हणे. कवडसा, तुमच्या सासूबाई कोपरे चाटतात का? आग होते म्हणून नकळत जीभ जातेच तिकडे.

कवडसा

@शेवंती, हो! सारखी जीभ तिथेच.

@दंतकथा, तुमची चारही उत्तरं मिळाली. काल रात्री नातू झोपल्यावर मी आणि नवऱ्याने मिळून टॉर्च धरला.

कवळी रात्री काढत नाहीत. कित्येक वर्षं नाही. कारण विचारलं तर आधी सांगेनात, मग म्हणाल्या, नातू त्यांच्याच खोलीत झोपतो, त्याने बोळकं बघितलं तर हसेल. सकाळी चूळ भरताना काढून पेस्ट लावून ब्रशने घासतात आणि लगेच पुन्हा घालतात.

टाळू लालभडक आहे. आणि खरंच, लाली जिथे संपते तिथे अगदी कवळीच्या कडेची रेघ आखल्यासारखी आहे, त्याच्या मागे नेहमीचा गुलाबी रंग. दुखत नाही म्हणतात, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. कवळीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं.

हनुवटीचं म्हणाल तर दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि आताचा शेजारी धरले. फरक आहे. आता तोंड मिटलं की कोपऱ्यातून हनुवटीकडे एक खोल घडी जाते आणि ती कायम ओली असते. कवळीचे दात दाढांच्या बाजूला सपाट झालेत.

मशेरी-तंबाखू नाही. तपकीर लग्नाआधी ओढायच्या म्हणे, हे आम्हाला कालच कळलं.

दंतकथा

छान बघितलंत. आता जुळणी करू.

दात गेले की जबड्याचं हाड दरवर्षी थोडं थोडं झिजत राहतं. कवळी आहे तशीच राहते, तिचे प्लॅस्टिकचे दातही चावून चावून सपाट होतात. दोन्ही मिळून चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची कमी होते. खालचा जबडा पूर्वीपेक्षा जास्त वर येतो, ओठांना आतून आधार राहत नाही आणि कोपऱ्याची कातडी दुमडते. त्या घडीत लाळ चोवीस तास मुरते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात तोच हा प्रकार, जागा तेवढी वेगळी. ओली भिजलेली कातडी पांढरी पडते, मऊ होते आणि तोंड उघडलं की चिरते.

चिरलेल्या ओल्या जागी कँडिडा ही बुरशी येऊन बसते, बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस हा जिवाणूही सोबत असतो. सकाळची पिवळी खपली बहुधा त्याची. ही बुरशी येते कुठून? तुमच्या बोटाला जे बुळबुळीत लागलं तिथून. रात्रंदिवस घातलेली कवळी हे तिचं माहेर आहे. टाळूची लाली त्याचीच खूण, आणि ती दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. त्यामुळे नुसत्या कोपऱ्यावर कितीही भारी मलम लावलं तरी आतून रोज नवा पुरवठा चालू राहतो.

कवळी पेस्टने घासू नका. पेस्टमध्ये घासणारी पावडर असते, तिने प्लॅस्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत बुरशी आणखी घट्ट बसते. भांड्यांचा सौम्य द्रव साबण किंवा अंगाचा साधा साबण आणि मऊ ब्रश घ्या. आतली, टाळूला टेकणारी बाजू जास्त घासायची. खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही. उकळतं पाणी अजिबात नको, कवळी वाकडी होते. रात्री काढून गार पाण्यात. डबा झाकणाचा घ्या म्हणजे नातवाला दिसणार नाही.

औषध तुमच्या जवळच्या दाताच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम कोपऱ्यांवर दिवसातून दोन-तीन वेळा आणि तोंडात त्याच औषधाचा माउथ पेंट, टाळूवर आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही. दोन आठवडे. पाचव्या दिवशी बरं दिसतं म्हणून थांबवलं की परत येतं. कोपरा आधी मऊ कापडाने टिपून कोरडा करायचा, मग मलम पातळ लावायचं, ते मुरल्यावर वरून जेली. ओल्या चिरेवर जेली किंवा तूप थापलं तर ओल आत कोंडते.

रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर तसं आधी सांगा. मायकोनॅझोलचं तोंडात लावायचं जेल अशा माणसाला दिलं तर रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. जेल वरवरचं दिसतं म्हणून कोणी उल्लेखच करत नाही.

लोणकढी

म्हणजे बी-टू वगैरे सगळं थोतांड?

दंतकथा

छे. तुमचं पुस्तक खोटं नव्हतं. १९३० च्या दशकात कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत एक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब, जवळजवळ नुसत्या भातावर वाढणाऱ्या मुलांच्या तोंडाचे कोपरे तपासून हे आहाराशी जोडलं. १९३८ साली अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर यांनी काही बायकांना मुद्दाम बी-टू नसलेल्या आहारावर ठेवलं, त्यांतल्या बऱ्याच जणींचे कोपरे फाटले आणि बी-टू दिल्यावर भरून आले. त्यामुळे आपल्याकडे डॉक्टरांच्या हाताला कोपरा दिसला की बी-कॉम्प्लेक्स लिहायची सवय लागली, आणि त्या काळात, त्या मुलांसाठी ती बरोबरच होती. तुमच्या मेसच्या काळातही असेल. दूध-दही खाणाऱ्या कवळीवाल्या आजींना तोच नियम लावला की पंचाईत होते.

आणि अंगात कमतरता असेल तर कातडी लवकर चिरते, चिरलेली लवकर भरत नाही, हेही खरंच. फक्त ती कमतरता बहुतेक वेळा बी-टूची एकटी नसते. लोह, बी-१२, फोलेट बघावं लागतं. आणि साखर. वाढलेली साखर म्हणजे बुरशीला आमंत्रण. कवडसा, शेवटची रक्ततपासणी कधी केली?

रक्तचंदन

लॅबमध्ये काम करतो, दोन शब्द माझेही.

तपासणीत सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि एचबीएवनसी एवढं करून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन बघून लोह ठीक आहे म्हणू नका. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. फेरिटिन म्हणजे तो साठा. अंगात कुठे सूज, संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं चांगलं दिसू शकतं, पण कमी आलं तर मात्र ते कमीच असतं.

दुसरं, दीड महिना बी-कॉम्प्लेक्स घेतलंय. त्यात बी-१२ असतंच. त्यामुळे आता बी-१२चा आकडा बरा आला तरी त्यावर फार विसंबू नका. लोक आधी महिनाभर गोळ्या खातात, मग तपासणीला येतात, आणि "सगळं नॉर्मल" म्हणून आमच्याकडे भांडतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ तसंही उतरतं. फॉर्मवर चालू औषधं लिहा, डॉक्टरांना आकडा वाचताना उपयोग होतो.

घाटावरचा

एक शंका. माझ्या मेव्हण्याला एकाच बाजूला होतं, तेही दर तीन-चार महिन्यांनी. आधी चुणचुण, मग फोडांचा घोस, मग खपली. हेच का?

दंतकथा

ते वेगळं वाटतंय. आधी चुणचुण, मग पाण्याने भरलेले बारीक फोड एका जागी, असं असेल तर नागिणीच्या चुलत भावंडांपैकी हर्पीसचा विषाणू असू शकतो. त्याला बुरशीच्या मलमाचा उपयोग नाही. त्याचं औषध चुणचुण सुरू झाली की लगेच घेतलं तरच काम करतं. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा, खपली धरल्यावर नको.

आणि मेव्हणे तंबाखू खात असतील तर गाल बाहेर ओढून कोपऱ्याच्या अगदी आतली बाजू बघा. तिथे पांढरा चट्टा असेल आणि कापसाने पुसून निघत नसेल तर बायोप्सीला पाठवावं लागतं. मलमात वेळ घालवू नका.

कवडसा

अपडेट देते, उशीर झाला.

हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन ७. एचबीएवनसी ८.६, मागच्या वेळी ७.१ होतं. बी-१२ बरं आलं, पण रक्तचंदन यांनी म्हटल्याप्रमाणे डॉक्टरही म्हणाले की कॅप्सूल चालू होत्या, त्यामुळे या आकड्यावर जाणार नाही, नंतर बघू.

कोपऱ्यांना मलम आणि आत माउथ पेंट सुरू आहे. रात्री कवळी डब्यात. पहिल्या रात्री झोपच लागली नाही म्हणाल्या, तोंड रिकामं वाटतं. नातवानेच तिसऱ्या दिवशी विचारलं, आजी तुझे दात कुठे आहेत, दाखव. तिने दाखवले. तो म्हणाला मला पण असे काढता येणारे हवेत. तेव्हापासून डब्याचं झाकण तोच लावतो.

टाळूची लाली निम्म्याहून कमी झाली आहे. उजवा कोपरा भरला. डावा अजून सकाळी ओला असतो. त्या डाव्या कुशीवर झोपतात, उशीवर लाळ असते. त्याचा संबंध असेल का?

आणि एक विचारायचं आहे. लोह एवढं कमी कसं? पालेभाजी, खजूर, गूळ सगळं चालू असतं घरात. डॉक्टरांनी लोहाची गोळी एक दिवसाआड दिलीय आणि पोटाच्या डॉक्टरांना भेटायला सांगितलंय. ओठाच्या चिरेसाठी पोटाचा डॉक्टर म्हणून त्या जायला तयार नाहीत.

लोणकढी

गुळाने लोह वाढत नाही हो एवढं, ते मी पण नुकतंच वाचलं. बीट आणि डाळिंब द्या.

रक्तचंदन

@लोणकढी, बीट-डाळिंबाचा रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं नसतं. दोन्हींत लोह थोडंच. फेरिटिन ७ असताना ताटातून भरून काढायला फार काळ लागेल, गोळीच हवी. ताई, गोळी चहाबरोबर देऊ नका, तासभर आधी किंवा दोन तास नंतर. चहाने लोह शोषलं जात नाही. सोबत लिंबूपाणी चांगलं, पण कोपऱ्याला झोंबेल, तेव्हा आवळा किंवा पेरू चालेल. गोळीने शौच काळी होते, घाबरू नका.

दंतकथा

पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलंय ते अगदी बरोबर केलंय. पाळी चालू असलेल्या बाईचं लोह कमी असेल तर कारण समोर असतं. ७१ व्या वर्षी लोहाचा साठा रिकामा झाला तर ते रक्त कुठूनतरी, बहुधा आतड्यातून किंवा जठरातून, थोडं थोडं जातंय का, हे शोधावंच लागतं. म्हणजे काही भयंकर निघेलच असं नाही. त्यांना गुडघेदुखी आहे का? त्यासाठी गोळ्या चालू आहेत का? आणि लोहाच्या गोळ्या सुरू होण्याआधी शौच डांबरासारखी काळी होत होती का? ॲसिडिटीची गोळी कायमची चालू असेल तर तीही सांगा, तिने लोह आणि बी-१२ दोन्ही कमी शोषलं जातं.

डाव्या कोपऱ्याचं म्हणाल तर हो, संबंध असू शकतो. झोपताना त्या कोपऱ्यावर जेलीचा थर द्या, उशीवर धुतलेला पंचा रोज बदला आणि जमलं तर काही रात्री उजव्या कुशीवर झोपवा. दोन आठवडे नीट औषध होऊनही तो भरला नाही तर डॉक्टरांना कोपऱ्याचा स्वॅब घ्यायला सांगा. स्टॅफिलोकोकस जास्त निघाला तर वेगळं मलम लागतं, म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं. नुसतं बघून बुरशी की जिवाणू हे मलाही चाळीस वर्षांनी खात्रीने सांगता येत नाही.

कवडसा

गुडघ्यांसाठी गोळी आहे. "लागली तरच" घेतात असं आम्ही समजत होतो. काल त्यांचा बटवा उघडला तर रिकाम्या पट्ट्याच पट्ट्या. शेजारच्या काकूंकडून कळलं, सकाळी देवळात चढून जाता यावं म्हणून रोज एक घेतात, तीही बऱ्याचदा उपाशीपोटी. काळ्या शौचाचं विचारलं तर "असेल, कोण बघतं" म्हणाल्या.

रक्तचंदन

ही माहिती डॉक्टरांना आजच फोन करून द्या. भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका. आणि त्या गोळीच्या पट्टीवरचं नाव वाचून सांगा त्यांना.

कवडसा

फोन केला. दुखण्याची गोळी बंद, त्याऐवजी पॅरासिटामॉल दिलं आणि एंडोस्कोपीची वेळ घेतली आहे. आता त्या यायला तयार झाल्यात, कारण देवळातल्या मैत्रिणीची झालीय आणि ती म्हणाली काही होत नाही.

दाताच्या डॉक्टरांनी नवीन कवळी करायला सांगितलं आहे. उंची वाढवली की घडी कमी होईल म्हणतात. खर्च बराच आहे आणि यांचं म्हणणं, आता ७१ व्या वर्षी नवीन कशाला, हिलाच खालून भरून द्या. @दंतकथा, नुसतं भरून भागेल का?

दंतकथा

कवळीच्या आतून नवीन थर दिला तर ती हिरड्यांना नीट बसेल, हलणार नाही. पण झिजलेले दात आहेत तसेच राहतील, त्यामुळे उंची फारशी वाढणार नाही. टाळूची लाली पूर्ण गेल्याशिवाय दोन्हींपैकी काहीही करू नका, सुजलेल्या हिरडीचं माप चुकतं. आणि जुनीच ठेवली तर आत चऱ्यांत मुरलेली बुरशी थोडीफार राहतेच.

नवीन केली तर उंची एकदम पूर्वीइतकी करायला डॉक्टरांना भाग पाडू नका. दहा वर्षांची सवय एका दिवसात मोडली तर बोलताना दात एकमेकांवर टकटक आपटतात, जबडा दुखतो, आणि कवळी पुन्हा डब्यातच जाते, तीही दिवसा. चांगले डॉक्टर आधी जुन्याच कवळीच्या दातांवर थोडी भर घालून काही आठवडे बघतात, झेपलं तर तेवढी उंची नवीत देतात. ते विचारा.

एक कबूल करावं लागेल, कवळी कितीही चांगली केली तरी वयाने कातडी सैल झालेली असते, ती घडी सगळी जात नाही. कोपरा कोरडा ठेवण्याचं काम त्यांना चालू ठेवावंच लागणार.

जाईजुई

माझ्या आईलाही कवळी आहे. रात्री काढत नाही. आज टॉर्च घेऊन बघते. मघाशी प्रश्न नीट वाचला नव्हता, पण जाईच्या पानांचं मी मागे घेणार नाही हं!

फांदीवरचा

त्वचेच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. कोपरे बरेत. एक विचारायचं राहिलं, मास्क लावून बाईक चालवली की परत ओलसर होतं. कोणाला झालंय का असं?

शेवंती_मिशिगन

मास्क रोज धुता का? आणि आत जेली लावून घालता की कोरडाच?

घाटावरचा

मी ट्यूब सोडली, चौथा दिवस, चेहरा टोमॅटो झालाय. परवाची अपॉइंटमेंट आहे. कवडसाताई, एंडोस्कोपीचं काय निघालं ते लिहा इथे.